टर्नअराउंड, वेटिंग आणि रिस्पॉन्स टाइम: एकाच तक्त्यावरून तिन्ही कसे काढावेत

ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात शेड्युलिंगचं गणित हमखास येतं आणि त्यातली चूकही हमखास एकाच जागी होते. टर्नअराउंड बरोबर येतो, पण वेटिंगच्या रकान्यात रिस्पॉन्सचे आकडे जाऊन बसतात. यामागे बहुतेक वेळा एकच सूत्र असतं, नोट्समधून नोट्समध्ये उतरवलेलं: ‘पहिल्यांदा सीपीयू मिळाल्याची वेळ वजा आल्याची वेळ, म्हणजे वेटिंग’. तुमच्या वहीत हे लिहिलेलं असेल तर आधी त्यावर काट मारा. हे सूत्र कधीकधी बरोबर उत्तर देतं, आणि म्हणूनच ते इतकं टिकून राहिलंय.

हा तक्ता घेऊ. पद्धत राउंड रॉबिन, क्वांटम 2. म्हणजे एका वेळी कुणालाही सलग 2 एककांपेक्षा जास्त सीपीयू नाही. एका प्रोसेसवरून दुसरीवर जायला वेळ लागत नाही असं धरलंय. परीक्षेत वेगळं सांगितलं नसेल तर तसंच धरायचं.

| प्रोसेस | अरायव्हल | बर्स्ट |
|---|---|---|
| P1 | 0 | 5 |
| P2 | 1 | 3 |
| P3 | 2 | 1 |
| P4 | 4 | 2 |

राउंड रॉबिन मुद्दाम घेतलंय. फर्स्ट कम फर्स्ट सर्व्हवर हा विषय शिकवला की वेटिंग आणि रिस्पॉन्स प्रत्येक ओळीत सारखेच येतात, आणि शिकणाऱ्याला वाटतं की एकाच गोष्टीला दोन नावं आहेत. तिकिटाच्या रांगेचा लाडका दाखलाही हेच करतो. खिडकीशी पोचलेला माणूस तिकीट घेऊनच हलतो, त्याला मध्येच कुणी परत रांगेच्या शेवटी पाठवत नाही. राउंड रॉबिनमध्ये नेमकं तेच होतं.

## गँट चार्ट: खरी मेख इथे आहे

सूत्रं सगळ्यांना पाठ असतात. गणित फसतं ते चार्ट काढताना. मलाही सुरुवातीला हाच टप्पा छळायचा, आणि त्यावर एकच उपाय लागू पडला: चार्टच्या खाली रेडी क्यू प्रत्यक्ष लिहायची. डोक्यात ठेवायची नाही. ‘P1, P2, P3, P4, पुन्हा P1’ असा फेरा धरून चालणारे तर हमखास चुकतात, कारण राउंड रॉबिन नावांच्या क्रमाने फिरत नाही. ते रांगेच्या क्रमाने फिरतं, आणि ती रांग दर क्षणी बदलत असते.

0 ला फक्त P1 आहे, तिला 0 ते 2 सीपीयू मिळतो. तिचे 3 एकक उरले. दरम्यान 1 ला P2 येऊन रांगेत उभी राहिली.

आता घड्याळात 2 वाजलेत आणि एकाच क्षणी दोन गोष्टी घडतात. P1 चा क्वांटम संपला, म्हणून ती रांगेच्या शेवटी जाणार. त्याच क्षणी P3 सुद्धा येते. आधी कोण? प्रचलित संकेत असा की नवी आलेली प्रोसेस आधी रांगेत लागते आणि क्वांटम संपलेली तिच्या मागे. म्हणजे रांग P2, P3, P1 अशी. हा क्रम उलटा लावलात तर P3 ला 4 ऐवजी 6 पर्यंत थांबावं लागतं आणि तिची सगळी ओळ बदलते. प्रश्नात दुसरा नियम दिला असेल तर तो पाळा. दिला नसेल, तर कुठला नियम धरलाय ते उत्तराच्या वर एका वाक्यात लिहा. या एका वाक्यासाठी आळस करून लोक मार्क घालवतात.

पुढे: P2 ला 2 ते 4, तिचा 1 एकक उरला. 4 ला पुन्हा तीच गाठ. P4 नवी आली आणि P2 परत रांगेत निघाली. P4 आधी, P2 नंतर. रांग झाली P3, P1, P4, P2.

P3 ला 1 च एकक हवा, ती 5 ला संपते. ‘क्वांटम 2 आहे’ म्हणून तिला 6 पर्यंत ताणू नका. काम संपलं की सीपीयू लगेच पुढच्या प्रोसेसला जातो. उरलेलं सरळ आहे.

```
| P1 | P2 | P3 | P1 | P4 | P2 | P1 |
0    2    4    5    7    9    10   11
```

शेवटचा आकडा 11, आणि बर्स्टची बेरीज 5 + 3 + 1 + 2 म्हणजेही 11. सीपीयू मध्ये कधी रिकामा बसला नसेल तर हे दोन जुळायलाच हवेत. जुळत नसतील तर पुढे जाऊ नका.

## तिन्ही वेळा

टर्नअराउंड म्हणजे प्रोसेस आल्यापासून पूर्ण होईपर्यंतचा सगळा काळ. वेटिंग म्हणजे त्यातला रेडी क्यूमध्ये उभं राहून गेलेला काळ, कितीही तुकड्यांत असला तरी सगळा मिळून. रिस्पॉन्स म्हणजे आल्यापासून पहिल्यांदा सीपीयू मिळेपर्यंतचा काळ. पुढे तिचं काय झालं याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

```
TAT = CT - AT
WT  = TAT - BT
RT  = (पहिल्यांदा सीपीयू मिळाल्याची वेळ) - AT
```

टर्नअराउंड एका ओळीचं काम आहे. P2 10 ला संपली, 1 ला आली होती, म्हणून 9. यात लोक चुकतात ते एवढंच, की अरायव्हल वजा करायचा विसरतात आणि कम्प्लिशनलाच टर्नअराउंड म्हणून मोकळे होतात.

आता याच P2 ला बोटाने चार्टवर धरून चला. 1 ला आली, 2 पर्यंत थांबली: 1 एकक. 2 ते 4 सीपीयूवर. मग 4 ते 9 पुन्हा रांगेत: 5 एकक. 9 ते 10 सीपीयूवर आणि संपली. रांगेतले दोन तुकडे मिळून 6, हा तिचा वेटिंग. सूत्राने 9 वजा 3, तेही 6. रिस्पॉन्स मात्र 2 वजा 1, म्हणजे 1. सुरुवातीला काट मारायला सांगितलेलं सूत्र वापरलं असतं तर वेटिंग 1 आला असता आणि 4 ते 9 हा लांबलचक काळ कुणाच्याच हिशोबात धरला गेला नसता.

P1 मध्ये तर फरक टोकाचा आहे. तिला आल्या आल्या सीपीयू मिळाला, रिस्पॉन्स 0. पण 2 ते 5 आणि 7 ते 10 असं दोनदा ताटकळून वेटिंग 6.

| प्रोसेस | संपली | टर्नअराउंड | वेटिंग | रिस्पॉन्स |
|---|---|---|---|---|
| P1 | 11 | 11 | 6 | 0 |
| P2 | 10 | 9 | 6 | 1 |
| P3 | 5 | 3 | 2 | 2 |
| P4 | 9 | 5 | 3 | 3 |
| सरासरी | | 7 | 4.25 | 1.5 |

P3 आणि P4 च्या ओळी नीट बघा. तिथे वेटिंग आणि रिस्पॉन्स सारखेच आहेत, कारण दोघींचं काम पहिल्याच पाळीत उरकलं आणि त्यांना परत रांगेत जावं लागलं नाही. ते अर्धवट सूत्र बरोबर उत्तर देतं ते फक्त अशा ओळींत. नियम म्हणून लक्षात ठेवायचं तर असं: पहिली पाळी मिळाल्यानंतर प्रोसेस जितकं पुन्हा थांबली, तितका वेटिंग रिस्पॉन्सपेक्षा मोठा. तो लहान कधीच नसतो. तुमच्या तक्त्यात एखादा रिस्पॉन्स वेटिंगपेक्षा मोठा निघाला, तर चूक झालीच आहे, शोधा. आणखी एक ताळा: टर्नअराउंडची बेरीज 28, वेटिंगची 17, फरक 11. हा पुन्हा बर्स्टचा 11 आहे.

## तोच तक्ता, दुसरी पद्धत

दोन वेळा वेगळ्या का मोजायच्या, हे अजून पटत नसेल तर हाच तक्ता फर्स्ट कम फर्स्ट सर्व्हने सोडवा. P1 0 ते 5, P2 5 ते 8, P3 8 ते 9, P4 9 ते 11. वेटिंग अनुक्रमे 0, 4, 6, 5, सरासरी 3.75. कुणालाच मध्ये उठवलं नाही, म्हणून रिस्पॉन्सही तेच आकडे, सरासरी 3.75.

म्हणजे या तक्त्यावर राउंड रॉबिनचा सरासरी वेटिंग 4.25, फर्स्ट कम फर्स्ट सर्व्हपेक्षा वाईट. टर्नअराउंडही 6.5 वरून 7 वर गेला. सुधारला तो फक्त रिस्पॉन्स, 3.75 वरून 1.5 वर. ‘राउंड रॉबिनमुळे वेटिंग कमी होतो’ असं सरसकट लिहिणाऱ्यांनी वेटिंग आणि रिस्पॉन्स यांची गल्लत केलेली असते. राउंड रॉबिन वापरतात ते समोर बसलेल्या माणसाला मशीन लवकर प्रतिसाद देतंय असं दिसावं म्हणून, आणि त्याची किंमत लांब काम असलेल्या प्रोसेस मोजतात. इथे P1 चा टर्नअराउंड 5 वरून 11 झाला.

## आयओ आला की

`WT = TAT - BT` ला एक अट आहे, ती बऱ्याच ठिकाणी सांगतच नाहीत: प्रोसेस मध्ये आयओसाठी गेलेली नसावी. डिस्कची किंवा कीबोर्डची वाट बघणारी प्रोसेस रेडी क्यूमध्ये नसते. तिला सीपीयू दिला तरी ती तो वापरू शकणार नाही, म्हणून तो काळ वेटिंगमध्ये धरायचा नाही. तक्त्यात आयओचा रकाना असेल तर तोही वजा करा:

```
WT = TAT - BT - IO
```

लिनक्स हाताशी असेल तर हे प्रत्यक्ष बघता येतं:

```
time sleep 5
```

`real` साधारण 5 सेकंद दाखवेल, हा टर्नअराउंड. `user` आणि `sys` मिळून सीपीयूवर गेलेला वेळ, तो जवळपास शून्य. नुसती वजाबाकी करणारा म्हणेल, वेटिंग 5 सेकंद. पण ती प्रोसेस त्या 5 सेकंदांत सीपीयूसाठी रांगेत उभीच नव्हती, झोपली होती. खरा वेटिंग हवा असेल तर प्रोसेस चालू असताना तिचा क्रमांक घालून हे वाचा:

```
cat /proc/PID/schedstat
```

तीन आकडे येतात. पहिला सीपीयूवर गेलेला वेळ, दुसरा रांगेत उभं राहून गेलेला वेळ, दोन्ही नॅनोसेकंदांत. तिसरा म्हणजे तिला किती पाळ्या मिळाल्या. `sleep` साठी दुसरा आकडा 5 सेकंदांच्या जवळपासही जाणार नाही.