एमडीटी सुरू झाल्यानंतर पाचव्या आठवड्यात येणारा ताप: या चुका टाळा

बहुजिवाणू कुष्ठरोगाच्या प्रौढ रुग्णाला मिळणारे एमडीटीचे, म्हणजे बहुऔषधी उपचाराचे, पाकीट 28 दिवसांचे असते. पहिल्या दिवशी आरोग्य कर्मचाऱ्यासमोर रिफॅम्पिसिन 600 मिलिग्रॅम, क्लोफाझिमिन 300 मिलिग्रॅम आणि डॅप्सोन 100 मिलिग्रॅम घ्यावयाचे असते. त्यानंतर घरी रोज क्लोफाझिमिन 50 आणि डॅप्सोन 100 मिलिग्रॅम घ्यायचे, आणि अशी 12 पाकिटे पूर्ण करायची. त्रास उद्भवला की तो कोणत्या औषधाचा आहे, किंवा मुळात औषधाचा आहे की रोगाचा, हे ओळखण्यातच बहुतेक चुका होतात.

पहिली चूक रंगाला घाबरण्याची. रिफॅम्पिसिन जिवाणूचे आरएनए तयार करणारे विकर बंद पाडते आणि तिन्ही औषधांत जंतू मारण्याची सर्वाधिक ताकद त्याचीच असते. मात्र ते स्वतः लालसर असल्यामुळे मासिक मात्रेनंतर लघवी नारिंगी-तांबडी होते आणि एक-दोन दिवसांत पूर्ववत होते. क्लोफाझिमिन जिवाणूच्या डीएनएला चिकटते, शिवाय दाहही कमी करते. हे रंगद्रव्य चरबीत आणि त्वचेत साठत असल्यामुळे कातडी, विशेषतः चट्ट्यांची, तांबूस-काळी आणि कोरडी होते, आणि उपचार संपल्यावर हा रंग उतरायला अनेक महिने लागतात. रुग्णाला हे आधीच सांगितले नाही, तर तो गोळ्या टाकून देतो, आणि त्याला दोष देता येत नाही. डोळे पिवळे होणे मात्र या रंगबदलात मोडत नाही. ती कावीळ समजून तपासणी करावी.

दुसरी चूक अधिक महागात पडते. समजा, उपचाराच्या पाचव्या आठवड्यात रुग्णाला 102 अंश ताप आला, अंगभर खाज सुटणारे लाल पुरळ उठले, मानेत गाठी लागू लागल्या आणि भूक मेली. कुष्ठरोगात रिॲक्शन, म्हणजे कुष्ठजंतूंविरुद्ध शरीरात अचानक उसळणारा दाह, नेहमी दिसत असल्यामुळे हीही रिॲक्शनच असे मानले जाते. एमडीटी चालू ठेवून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिले जाते. रिॲक्शनमध्ये हे योग्यच आहे, कारण तिथे औषध थांबवणे ही चूक ठरते. पण येथे डॅप्सोनची अतिसंवेदनशीलता असण्याचा संभव मोठा आहे. स्टेरॉइडमुळे ताप काहीसा उतरतो, सर्वांना हायसे वाटते, आणि रोजची डॅप्सोनची गोळी यकृताची हानी करीत राहते.

फरक त्वचेवरच दिसतो. पहिल्या प्रकारच्या रिॲक्शनमध्ये जुनेच चट्टे लाल होऊन सुजतात, नसा दुखतात आणि ताप सहसा फारसा नसतो. दुसऱ्या प्रकारात तापाबरोबर चेहऱ्यावर आणि हातापायांवर दुखऱ्या लाल गाठी येतात. डॅप्सोनच्या पुरळाला मात्र चट्ट्यांशी देणेघेणे नसते. ते निरोगी कातडीवरही सर्वत्र उठते, आणि बहुधा चार ते सहा आठवड्यांच्या सुमारास. रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी आणि यकृताचे विकर एसजीपीटी वाढलेले आढळले, तर संशय पक्का होतो. परंतु अहवालाची वाट पाहत गोळी चालू ठेवू नये. डॅप्सोन त्याच दिवशी थांबवावे आणि रुग्णाला रुग्णालयात पाठवावे. यकृताला इजा झाली असेल, तर ते सावरेपर्यंत रिफॅम्पिसिनही थांबवावे लागते. डॅप्सोन शरीरात रेंगाळत असल्याने स्टेरॉइड घाईने बंद केल्यास त्रास उलटतो. मात्रा कित्येक आठवड्यांत हळूहळू उतरवावी लागते.

डॅप्सोनची आणखी एक बाजू यापेक्षा वेगळी आहे. ते जिवाणूचे फोलेट तयार होऊ देत नाही. मात्र यकृतात त्याचे रूपांतर होऊन बनणारा पदार्थ तांबड्या पेशी फोडतो आणि हिमोग्लोबिनचे रूप बदलतो. जी6पीडी विकराची कमतरता असलेल्यांत रक्तक्षय झपाट्याने होतो. ओठ निळसर दिसत असून फुफ्फुसे स्वच्छ असतील आणि ऑक्सिमीटर प्राणवायू देऊनही 85 च्या आसपास अडकला असेल, तर डॅप्सोनची आठवण व्हावी.

तिसरी चूक बरे वाटल्यानंतर होते. ‘पुन्हा थोड्या मात्रेने देऊन पाहू’ असे अतिसंवेदनशीलतेनंतर कधीही करू नये. दुसरा झटका पहिल्यापेक्षा घातक ठरू शकतो. बहुजिवाणू रुग्णाचा उपचार रिफॅम्पिसिन आणि क्लोफाझिमिनवर पूर्ण करता येतो, त्यामुळे डॅप्सोनचा आग्रह धरण्याचे कारणही उरत नाही. अडचण पाकिटाची असते: तयार पाकिटात डॅप्सोनच्या गोळ्या असतातच, आणि पुढच्या महिन्यात नवा कर्मचारी ते तसेच हातात देतो. म्हणून उपचारपत्रिकेवर ‘डॅप्सोन बंद’ असे ठळक लिहावे, प्रत्येक पाकिटातून त्या गोळ्या काढूनच ते द्यावे, आणि डॅप्सोन इतर त्वचारोगांतही वापरले जात असल्यामुळे त्याचे नाव रुग्णाकडून पाठ करून घ्यावे.