उन्हाळी मॅपिंगसाठी सरांना पत्र लिहिताना

खडकांच्या मॅपिंगला बरोबर घ्या, असं प्राध्यापकांना लिहिताना 'मला भूविज्ञानाची खूप आवड आहे' हे वाक्य खुशाल गाळा. ते प्रत्येक पत्रात असतं. त्याऐवजी तुम्ही स्वतः घेतलेली एक नोंद द्या: 'वाळूखडकाचा थर, जाडी साधारण 40 सेंटीमीटर, स्ट्राइक 040, डिप 25 अंश आग्नेयेला.' एवढ्यावरून कळतं की तुम्हाला क्लिनोमीटर हाताळता येतो.

पाठवण्याआधी मात्र ती तपासा. डिपची दिशा स्ट्राइकला काटकोनातच असते. स्ट्राइक 040 असेल, तर थर 130 कडे, म्हणजे आग्नेयेला, किंवा 310 कडे, म्हणजे वायव्येला कलेल. तिथे 'ईशान्येला' लिहिलंत, तर सरांना ते पहिल्याच नजरेत दिसेल. आणि माप जागच्या खडकाचं हवं. घरंगळत आलेल्या धोंड्याचा कल कितीही नीट मोजला तरी नकाशाला त्याचा उपयोग शून्य.

नोंदवहीच्या त्या पानाचा फोटो जोडा, खाडाखोड असली तरी चालेल. उलट सुबक उतरवून काढलेलं पान संशयास्पदच वाटतं.

बाकी पत्र थोडक्यात आटपा. कोणत्या तारखांना मोकळे आहात, दिवसभर चढउतार करून नमुन्यांचं ओझं वाहता येईल का, आणि काय येत नाही तेही. 'पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली अजून वाचता येत नाहीत' असं सरळ लिहा, म्हणजे सर तुम्हाला काम त्या हिशेबाने देतील.