भांडणानंतरच्या सर्वधर्मीय सभेसाठी शांतीची प्रार्थना कशी लिहायची

दोन समाजांत भांडण झालं, दगड पडले, कुणाचं दुकान जळलं, आणि आता सगळे शेजारी एका हॉलमध्ये जमणार आहेत अन् प्रार्थना लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय असं धरून चालू.

लिहायला बसायच्या आधी एक गोष्ट ठरवून घ्या, सगळ्यांनी मिळून एकच प्रार्थना म्हणायची की प्रत्येकानं आपापली. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी इटलीतल्या असिसीला वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांना बोलावलं तेव्हा दुसरा मार्ग धरला होता, आधी ज्याची त्याची प्रार्थना वेगळ्या जागी आणि मग एकत्र जमून एकामागून एक. कारण दुसऱ्याच्या देवाचं नाव घ्यायला अनेकांना मनापासून जमत नाही, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. माझ्या मते दोन्ही ठेवा, आधी आपापलं म्हणू द्या आणि शेवटी दोन मिनिटांचं एक छोटं समाईक निवेदन, ते तुम्ही लिहायचं.

मग येतो हाक कुणाला मारायची हा प्रश्न. सगळ्या देवांची नावं ओळीनं घ्यायचा मोह होतो पण यादी केली की कुणीतरी सुटतंच, शिवाय बौद्ध आणि जैन मंडळी जग निर्माण करणारा देव मानत नाहीत, आणि सभेत देव न मानणारेही येतात. त्यापेक्षा हाकच मारू नका, 'होवो', 'मिळो', 'येवो' अशा इच्छेच्या रूपात लिहा. मग ज्याला देवाकडे मागायचंय तो मनात मागतो, बाकीचे नुसती इच्छा म्हणून बोलतात.

आता खरी अवघड जागा. पहिल्या मसुद्यात हमखास अशी ओळ येते, 'भरकटलेल्यांना सद्बुद्धी मिळो'. ऐकायला गोड, पण हॉलमधला प्रत्येक जण समोरच्या बाजूकडे बघतो, म्हणजे प्रार्थनेच्या आडून टोमणाच झाला की. मग लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि लिहितात 'आम्ही सगळेच चुकलो'. हे तर जास्त लागतं, ज्याचं दुकान जळलं तो काय चुकला हो? त्याच्याकडून परस्पर माफी वदवून घेऊ नका, आणि 'झालं गेलं विसरून जाऊ' हेही त्याच्या वतीनं लिहू नका. यातून वाट अशी, की कोण कुठल्या समाजाचा हे न म्हणता कोणावर काय बेतलं आणि कोणी काय केलं तेवढं लिहायचं, मग प्रत्येक जण आपली ओळ आपणच ओळखतो.

वरच्या दुकानाच्या भांडणासाठी साधारण असं होईल:

ज्या रस्त्यावर दगड पडले त्याच रस्त्यानं उद्या मुलं शाळेत जातील, ती सुखरूप घरी येवोत.
ज्यांचं जळलं, ज्यांना लागलं, त्यांना न्याय मिळो, आणि तोवर शेजाऱ्यांची सोबत मिळो.
ज्यांच्या हातून घडलं त्यांना ते कबूल करायचं बळ येवो.
ज्यांनी बघितलं आणि दार लावून घेतलं, त्यांना पुढच्या वेळी दार उघडायचं धैर्य येवो.
पुढची अफवा आली तर ती फॉरवर्ड करायच्या आधी आम्ही शेजाऱ्याला फोन करू.

प्रत्येक ओळीनंतर सगळ्यांनी 'असं घडो' एवढंच म्हणायचं, लांब उत्तर दिलं की लोक कागदात बघत बसतात. न्यायाचा शब्द काढून टाका असं कुणीतरी सुचवेलच, वातावरण बिघडेल म्हणून, पण काढू नका, तो शब्द नसेल तर ज्यांचं नुकसान झालंय त्यांना ही सभा तोंड बंद करायला बोलावल्यासारखी वाटते. मात्र भांडण कुणी सुरू केलं यावर एक अक्षर नको, विशेषतः केस चालू असेल तर.

मसुदा झाला की सभेच्या एक-दोन दिवस आधी दोन्हीकडच्या दोघा-तिघांना वेगवेगळं भेटून दाखवा, ज्याचं नुकसान झालंय त्याला सगळ्यात आधी. 'कसं वाटलं?' विचारलंत तर सगळे छान म्हणतील आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. 'यातली कुठली ओळ तुम्हाला मोठ्यानं म्हणता येणार नाही?' असं विचारा. जिथे माणूस थांबतो ती ओळ बदला, तीच ओळ दोन्हीकडून अडली तर सरळ कापा.

सभेत ओळी दोन्हीकडच्या लोकांनी आलटून पालटून वाचाव्यात, पण दुकान जळलेल्या माणसाला 'कबूल करायचं बळ'वाली ओळ देऊ नका, नाहीतर आरोप त्याच्या तोंडून येतो. हात जोडा, उभे राहा असल्या सूचना नकोत, ज्याला जसं बसायचं तसं बसू द्या. शेवटी घड्याळ लावून एक मिनिट शांत, मग ज्यानं त्यानं आमेन, आमीन, शांती किंवा काहीच न म्हणता संपवायचं. आणि सुरुवातीलाच सगळ्यांना मोबाईलवर शूटिंग करू नका म्हणून सांगा, कारण 'ज्यांच्या हातून घडलं' एवढीच क्लिप कापून ग्रुपवर फिरली की कुणाबद्दल बोलले यावरून रात्री नवं भांडण.