पीएचडीच्या मध्यावर गाईड आणि विद्यापीठ बदलताना: निवेदन कसे लिहावे

पीएचडीची दोन-तीन वर्षे झाल्यावर गाईड आणि विद्यापीठ दोन्ही बदलायची वेळ आली, की नवे विद्यापीठ एक निवेदन मागते. पान-दीड पानाचे हे निवेदन लिहायला अनेकांना महिना लागतो, कारण खरे सांगावे तर तक्रार होते आणि तक्रार टाळावी तर मजकूर पोकळ होतो. पुढचा क्रम पाळला तर दोन्ही टळते. उदाहरण भारतातल्या पीएचडीचे घेतले आहे.

आधी कागद, मग कारण

नोंदणीपत्र, कोर्सवर्कची गुणपत्रिका, विषय मंजुरीचे पत्र आणि संशोधन सल्लागार समितीपुढे मांडलेले प्रगती अहवाल समोर ठेवा. यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे संशोधकाला दर सत्रात या समितीपुढे सादरीकरण करून छोटा अहवाल द्यावा लागतो. नवे विद्यापीठ हेच अहवाल मागवते. त्यात "काम समाधानकारक" असे असेल आणि निवेदनात "दोन वर्षे काम ठप्प होते" असे असेल, तर संशय तुमच्यावर येतो. म्हणून निवेदनातली प्रत्येक तारीख या कागदांशी जुळवून घ्या.

मनातले सगळे एकदा लिहून काढा

हा खर्डा कुणाला दाखवायचा नाही. कुणी प्रकरण किती महिने ठेवले, कोण काय बोलले, सगळे उतरवा. मग त्यातल्या फक्त अशा वाक्यांखाली रेघ मारा, जी कागदाने सिद्ध होतात आणि ज्यांचा संबंध पुढच्या संशोधनाशी आहे. बहुतेकदा तीन-चार वाक्येच उरतात. निवेदन त्यांतूनच उभे राहते. बाकीचे खोटे नसते, पण तो मजकूर या कागदाचा नव्हे.

दोन प्रश्नांची दोन उत्तरे

बहुतेक निवेदने इथेच फसतात. गाईड बदलणे हा एक निर्णय आणि विद्यापीठ बदलणे हा दुसरा. विद्यार्थी पहिल्याचेच कारण देतो, आणि वाचणारा विभागप्रमुख लगेच विचारतो, "मग तिथेच दुसरा गाईड का नाही घेतला?" याचे उत्तर मजकुरात नसेल तर भांडण झाले असावे, असे तो गृहीत धरतो. याचे उत्तर तुमच्याकडेही नसेल, तर आधी त्याच विद्यापीठात गाईड बदलून मिळतो का ते पाहा. ती वाट बरीच सोपी आहे.

समजा, एका विद्यार्थिनीची भूगोलात जानेवारी 2023 मध्ये नोंदणी झाली. विषय जुन्नर तालुक्यातल्या विहिरींच्या पाणीपातळीचा. गाईड उपग्रह प्रतिमांच्या अभ्यासातले. तिने 64 विहिरींची पातळी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, अशी दोन वर्षे मोजली. पातळीतला फरक पावसाच्या आकड्यांशी जुळेना, खडकातल्या भेगांशी जुळतो असे दिसू लागले. दरम्यान लिहिलेली प्रकरणे गाईडकडे महिनोन्‌महिने पडून राहत आणि बोलणेही कमी झाले. तिच्या पहिल्या खर्ड्यात होते:

"मार्गदर्शकांनी वेळ न दिल्याने व विषयात रस न घेतल्याने माझे नुकसान झाले."

दुसऱ्यात ते सौम्य झाले: "अपेक्षित मार्गदर्शन मिळू शकले नाही." कर्ता वगळला तरी आरोप तसाच राहिला, उलट तो लपवल्यासारखा दिसू लागला. अशी कर्ता गाळलेली वाक्ये निवेदनात नकोतच. तिसऱ्या वेळी तिने वाक्यांचा कर्ता बदलला. माणसाच्या जागी काम आले:

"2023 आणि 2024 मधील मोजणीतून असे दिसले, की पातळीतील फरक पावसापेक्षा बेसॉल्टमधील भेगांशी अधिक जोडलेला आहे. हे तपासण्यासाठी विद्युत रोधकता सर्वेक्षण व पाण्याचे रासायनिक पृथक्करण आवश्यक आहे. माझ्या सध्याच्या विद्यापीठात भूजलशास्त्राचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक नाहीत. आपल्या भूशास्त्र विभागात यासाठीची उपकरणे आहेत आणि या विषयावर काम चालू आहे. म्हणून मार्गदर्शक आणि विद्यापीठ या दोन्हींत बदलाची विनंती करीत आहे."

पडून राहिलेली प्रकरणे यात नाहीत, तरीही यातले अक्षर न् अक्षर खरे आहे आणि दोन्ही प्रश्नांची उत्तरे आली आहेत. असे लिहिण्यासाठी संशोधनाची गरज मात्र खरीच असायला हवी. बनवलेली गरज मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडी पडते.

जुन्या गाईडचा उल्लेख नेमका

नाव अजिबात नसेल तर ते खटकते आणि "सदैव ऋणी" छापाचे कौतुक पोकळ वाटते. काय शिकलात ते एका वाक्यात सांगा: "विहिरींची निवड आणि नकाशांकन या पद्धती मी त्यांच्याकडे शिकले, प्रबंधाचे दुसरे प्रकरण त्यावरच उभे आहे."

माहिती कुणाची, ते स्पष्ट करा

नव्या विभागाला खरी धास्ती असते ती पुढे होणाऱ्या वादाची. 2022 च्या नियमांत स्त्री संशोधकांसाठी तरतूद आहे: लग्नामुळे किंवा अन्य कारणाने स्थलांतर करताना त्यांना संशोधनातली माहिती नव्या संस्थेत नेता येते. अट अशी, की ते काम मूळ संस्थेला किंवा गाईडला मिळालेल्या निधीच्या प्रकल्पातले नसावे. शिवाय झालेल्या कामाचे श्रेय मूळ संस्थेला आणि गाईडला द्यायचे. तरतुदीत उल्लेख स्त्री संशोधकांचाच असल्याने पुरुष संशोधकाने दोन्ही विद्यापीठांकडून लेखी उत्तर घ्यावे. निवेदनात लिहा: "विहिरींची मोजणी मी स्वखर्चाने केली आहे. मार्गदर्शकांच्या प्रकल्पातील उपग्रह प्रतिमा मी सोबत नेणार नाही." या दोन वाक्यांनी जुन्या गाईडचाही जीव भांड्यात पडतो, आणि ना हरकत प्रमाणपत्रावर सही मिळणे सोपे होते.

उरलेला काळ मांडा

पीएचडीची मुदत कोर्सवर्क धरून किमान तीन आणि कमाल सहा वर्षे आहे. पुनर्नोंदणीने ती दोन वर्षे वाढू शकते. जुना काळ धरला जाईल की नोंदणी नव्याने होईल, हे लेखी विचारा आणि त्याप्रमाणे उरलेल्या कामाचे सत्रवार वेळापत्रक चार-पाच ओळींत द्या. फेलोशिप असेल तर तीही वळवावी लागेल, तेव्हा त्या कार्यालयाशी आधी बोला.

जिथे ही पद्धत वापरू नये

छळ झाला असेल किंवा तुमचे काम कुणी स्वतःच्या नावावर छापले असेल, तर ते पोटात ठेवून गोड निवेदन लिहू नका. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे जाते, इतर तक्रारी विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे आणि तिथे दाद न मिळाल्यास लोकपालांकडे. ती तक्रार तिथे पूर्ण ताकदीने करा. निवेदनात मात्र संशोधनाचेच कारण ठेवा. आणि "आमचे संबंध उत्तम होते" असे कधीही लिहू नका, कारण तेच वाक्य पुढे तुमच्या तक्रारीविरुद्ध वापरले जाईल.

देण्यापूर्वी

मजकूर विभागातल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकाला वाचायला द्या आणि एवढेच विचारा: "हे वाचून तुम्हाला कुणाचा राग येतो का?" उत्तर हो असेल तर ते वाक्य शोधून काढा, बहुतेकदा तिथे "दुर्दैवाने", "वारंवार" किंवा "तरीही" असतो. मग जुन्या गाईडना प्रत्यक्ष भेटून प्रत द्या. नव्या विभागाकडून त्यांना आधी कळले, तर सही अडते. मुलाखतीत "तिथे काय बिनसलं?" असे विचारलेच, तर निवेदनातलेच कारण बोलीत सांगा: "मॅडम, विहिरींचं काम आता खडकापर्यंत आलंय आणि त्याची उपकरणं, माणसं इथे आहेत." एवढे बोलून थांबा. पुढचा प्रश्न त्यांना विचारू द्या.