स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट कसा लिहावा, म्हणजे तो प्रश्न विचारल्यावर टिकेल

वाशी-नेरूळमधल्या ऐंशीच्या दशकातल्या इमारती आता चाळिशीच्या आसपास आल्या आहेत. वयाची ३० वर्षं उलटली की महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं. रिपोर्ट सर्वसाधारण सभेत वाचला जातो आणि खरी परीक्षा तिथून सुरू होते. पुनर्विकास हवा असणाऱ्यांना सी-१ वर्ग हवा असतो, म्हणजे इमारत धोकादायक, पाडण्याजोगी. घर सोडायचं नाही त्यांना सी-२बी, म्हणजे राहता राहता दुरुस्ती. मग एक बाजू दुसरा इंजिनीअर आणते आणि तो 'कॉलमची अवस्था असमाधानकारक आहे' अशा एखाद्या वाक्यावर बोट ठेवून विचारतो, कोणता कॉलम, आणि कशावरून?

याचं उत्तर रिपोर्टातच सापडलं पाहिजे. ते कसं मांडायचं, हे नेरूळच्या एका स्टिल्ट अधिक चार मजली इमारतीच्या उदाहरणावरून सांगतो.

आधी नावं, मग फोटो

पहिलं काम नकाशाचं. मूळ आर.सी.सी. ड्रॉइंग बहुतेक सोसायट्यांकडे नसतं. मग टेप घेऊन स्टिल्ट मोजायचा, आराखडा काढायचा आणि प्रत्येक कॉलमला, बीमला नंबर द्यायचा. आराखड्यावर 'जागेवर मोजून काढला, मूळ ड्रॉइंग मिळालं नाही' हेही लिहायचं. फोटोखाली कॉलमचा नंबर, कोणती बाजू आणि तारीख हवी, आणि भेगेशेजारी पट्टी धरलेली हवी. 'स्टिल्टमधील कॉलम' असं लिहिलेल्या चाळीस फोटोंनी काहीच सिद्ध होत नाही.

इथेच आणखी एक यादी जोडायची: काय पाहता आलं नाही. कुलूप असलेले फ्लॅट, फॉल्स सीलिंगखाली झाकलेले स्लॅब, पाया. इंजिनीअर ही यादी द्यायला कचरतात, पण ती नसली की 'न पाहता लिहिलं' हा आरोप संपूर्ण रिपोर्टाला चिकटतो.

दिसलं ते वेगळं, वाटलं ते वेगळं

कॉलम सी-७ च्या नोंदीत मी लिहीन: 'पश्चिमेकडच्या बाजूला दोन कोपऱ्यांवर उभ्या भेगा, जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंच, रुंदी १.५ ते २ मि.मी. हातोडीने ठोकल्यावर पूर्ण बाजूवर पोकळ आवाज.' एवढंच. 'सळई गंजून काँक्रीट फुगलं' हे अनुमान आहे, ते पुढच्या रकान्यात. दोन्ही एकाच वाक्यात मिसळली, की अनुमान चुकीचं ठरवणारा माणूस निरीक्षणही खोडून काढतो.

चाचणी प्रश्नासाठी करायची

रिबाउंड हॅमर फक्त पृष्ठभागाचा कडकपणा मोजतो, त्याचा आकडा एकट्याने कधीच वापरू नका. सी-७ च्या चांगल्या दिसणाऱ्या बाजूवर हॅमरची सरासरी चक्क ३८ आली, म्हणजे वरवर पाहता दणकट काँक्रीट. पण ताज्या फोडलेल्या भागावर फेनॉल्फ्थॅलीन मारलं, तर ४५ मि.मी. खोलीपर्यंत गुलाबी रंग उमटला नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तेवढ्या भागाची क्षारता घालवली होती. अशा कार्बोनेट झालेल्या काँक्रीटचा पृष्ठभाग कडक होतो, म्हणून हॅमर फसवा आकडा देतो. आणि कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, ४० मि.मी. होतं, म्हणजे सळईभोवतीचं संरक्षण संपलं होतं. भेगांचं कारण अंदाजातून पुराव्यावर आलं ते इथे.

मग खऱ्या ताकदीसाठी कोअर, म्हणजे कॉलममधून कापून काढलेला काँक्रीटचा दंडगोल. आधी कव्हर मीटरने सळ्या शोधायच्या, म्हणजे त्या कापल्या जाणार नाहीत, आणि भोक नंतर न आकसणाऱ्या ग्राउटने भरायचं. त्या रांगेतल्या कॉलमांमधून घेतलेल्या तीन कोअरची घनाशी समतुल्य ताकद १३.१, १२.३ आणि ११.४ न्यूटन प्रति चौ.मि.मी. आली. त्या काळातल्या प्रथेप्रमाणे मूळ काँक्रीट एम-१५ चं, म्हणजे १५ न्यूटन प्रति चौ.मि.मी. ताकदीचं धरलं. तीन कोअरवर सरासरी काढून निभावता येत नाही, म्हणून हिशेबात सर्वांत कमी आकडा घेतला, आणि तसं का घेतलं तेही लिहिलं.

एक काम नेहमी वगळलं जातं: चांगल्या दिसणाऱ्या कॉलमवर हीच चाचणी. तुलना नसेल तर वाईट आकडा किती वाईट हे कळत नाही. सळईचं विद्युत विभव मोजणारी हाफ-सेल चाचणी घेतलीत तर तिची मर्यादाही लिहा. उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा खाली गेलेला आकडा गंज चालू असण्याची दाट शक्यता सांगतो, किती सळई खाल्ली गेली हे सांगत नाही. त्यासाठी सळई उघडी करून, गंज घासून, व्हर्नियरने मोजावी लागते.

हिशेब समोर ठेवायचा

सी-७ ची सळई मूळ १६ मि.मी.ची, मोजली तर १३.८. व्यासात फरक जेमतेम दोन मिलिमीटर, पण क्षेत्रफळ वर्गाने घटतं, म्हणजे जवळजवळ २६ टक्के सळई गेली. कॉलम २३० बाय ४५० मि.मी., आठ टोर सळ्या, त्यातल्या चार गंजलेल्या बाजूला. आयएस ४५६ च्या सूत्राने मूळ क्षमता सुमारे १०६ टन येते. सुटलेलं ४० मि.मी. कव्हर वजा करून, कोअरचा आकडा आणि उरलेली सळई घालून ती सुमारे ७७ टन राहते.

आता भार. कॉलमवर साधारण १० चौ.मी.चं क्षेत्र, टेरेससह पाच स्लॅब, भिंती धरून दर चौ.मी.ला अंदाजे १.२ टन, म्हणजे ६० टन. दीडचा सुरक्षा गुणक लावला की ९० टन हवेत. कॉलमकडे ७७ आहेत. रोजचा भार तो पेलतोय, पण नियमाने हवी ती राखीव ताकद उरलेली नाही. ही दोन वाक्यं सभेत सगळ्यांना कळतात. रोजचा भार पेलतोय, म्हणून 'इमारत आज पडेल' असं लिहिता येत नाही, आणि राखीव ताकद नाही, म्हणून 'नुसतं प्लास्टर करा' असंही लिहिता येत नाही.

शिफारस कॉलमच्या नंबराला बांधायची

अशी अवस्था सोळापैकी चार कॉलमची, सगळे पश्चिमेच्या रांगेतले. बाकीच्यांची क्षमता पुरेशी. म्हणून वर्ग सी-२ए: काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. शिफारशीत लिहायचं ते असं: चार कॉलमच्या दोन्ही बाजूंच्या बीमखाली लगेच टेकू, मग सैल काँक्रीट काढून, सळ्या साफ करून जॅकेटिंग. ते काम चालू असताना त्या रांगेवरच्या फ्लॅटमध्ये कोणी राहायचं नाही. बाकीच्या इमारतीला घर सोडावं लागणार नाही.

इथे कारण उपयोगी पडतं. कार्बोनेट झालेल्या काँक्रीटवर नुसता पॉलिमर मॉर्टरचा पॅच मारला, तर पॅचच्या कडेला गंज पुन्हा सुरू होतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत भेग शेजारी उघडते. म्हणून खराब भाग सळईच्या मागपर्यंत फोडायचा, हे मोजमापासह लिहायचं. नाहीतर कंत्राटदार वरवरचा थर काढून मोकळा होतो.

आणि वर्ग कशाने बदलेल हेही नोंदवायचं: 'सैल काँक्रीट काढल्यावर आणखी सळ्यांचं क्षेत्रफळ २५ टक्क्यांहून जास्त घटलेलं आढळलं, किंवा कुलूपबंद फ्लॅटमधल्या बीममध्ये अशाच भेगा दिसल्या, तर काम थांबवून फेरहिशेब करावा.' सेक्रेटरींना हे वाक्य वाचून दाखवा आणि त्याखाली त्यांची पोच घ्या, कारण फोडकाम सुरू होईल तेव्हा जागेवर इंजिनीअर असेलच असं नाही.