वीस तारखेच्या आत: चॅनलच्या पहिल्या पेमेंटआधीची तयारी

यूट्यूब चॅनलचे पहिले पैसे माझ्या खात्यात एक महिना उशिरा आले आणि चूक सर्वस्वी माझी होती. शंभर डॉलर ओलांडले की पैसे आपोआप निघतात, असं मी धरून चालले होते. ते निघतात, पण खात्यावर होल्ड, म्हणजे काही काम बाकी असल्याने पेमेंट रोखून धरलेलं, नसेल तरच. म्हणून यादीतली पहिली गोष्ट होल्ड आणि शेवटचीही तीच.

चॅनल ॲडसेन्सला जोडलेलं असणं, बँक खातं भरलेलं असणं, हे तुम्ही केलंच असेल. पुढे जाऊ.

आधी हे पक्कं करा की तुम्ही नेमका कुठला आकडा बघताय. स्टुडिओमधला आकडा अंदाजित असतो. महिना संपल्यावर त्यातून अवैध ट्रॅफिक वगळलं जातं, हक्कांचे वाद निघाले असतील तर त्यांचा हिशेब होतो, आणि अंतिम रक्कम पुढच्या महिन्याच्या ७ ते १२ तारखेदरम्यान ॲडसेन्सच्या शिलकीत जमा होते. तोवर ती रक्कम पेंडिंग. पेंडिंग म्हणजे अडकलेली नव्हे, फक्त अजून मोजून न झालेली. तिच्यासाठी काहीही करायचं नसतं, थांबायचं असतं.

माझंच उदाहरण घ्या. फेब्रुवारीची कमाई धरून शिल्लक ९३ डॉलर होती. मार्चअखेर स्टुडिओ त्या महिन्याचे ३३ दाखवत होता, म्हणजे माझ्या हिशेबाने १२६. प्रत्यक्षात एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ३१ जमा झाले आणि शिल्लक १२४ झाली. डॉलरमधल्या खात्याची मर्यादा १०० आहे, ती पार झाली. मर्यादा गाठली नसती तरी पैसे बुडत नाहीत, शिल्लक पुढच्या महिन्यात जाते. एक मात्र लक्षात ठेवा: स्वतःच्या वेबसाइटवरच्या ॲडसेन्सची कमाई यात मिळवू नका. यूट्यूबचं पेमेंट खातं २०२२ पासून वेगळं आहे आणि दोन्हींना आपापली मर्यादा स्वतंत्रपणे गाठावी लागते.

आता होल्ड. ॲडसेन्सचं पेमेंटचं पान उघडा. स्टुडिओचं नव्हे, ॲडसेन्सचं. पेमेंट होल्डवर आहे आणि तुम्हाला काही करावं लागेल, अशी सूचना तिथे दिसते. मला ती दिसत होती. शिल्लक वाढत होती म्हणून मी ती वाचलीच नाही. माझा होल्ड पत्त्याच्या पडताळणीचा होता. शिल्लक १० डॉलर झाली की पिनचं पत्र टपालाने निघतं, त्याला दोन-तीन आठवडे सहज लागतात. माझं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं. दुसरं मागवलं, पण पिन टाकला २३ एप्रिलला. पेमेंट २१ ते २६ तारखेदरम्यान निघतं, पण त्या महिन्यात निघण्यासाठी होल्ड २० तारखेच्या आत सुटावा लागतो. तीन दिवसांसाठी १२४ डॉलर मेपर्यंत राहिले.

तेव्हा पत्ता आजच तपासा, पत्र निघायच्या आधी. पहिला पिन निघाल्यापासून चार महिन्यांत तो टाकला नाही, तर नुसतं पेमेंट नाही, चॅनलची कमाईच थांबते. पिनशिवाय होल्डची आणखी कारणं असतात: ओळख पटवणं राहिलंय, पेमेंटची पद्धत निवडलेली नाही, करविषयक माहिती भरायची आहे, किंवा तुम्हीच कधीतरी पेमेंट अमुक तारखेपर्यंत थांबवून ठेवलंय आणि विसरलाय. शेवटचं कारण पेमेंटच्या वेळापत्रकाच्या सेटिंगमध्ये सापडतं. एकापेक्षा जास्त होल्ड एकाच वेळी असू शकतात. एक सोडवला की पान पुन्हा उघडून बघा. मी पिन टाकल्यावर ते केलं नसतं, तर मे महिनाही गेला असता, कारण मागे ओळखीचा होल्ड होताच.

करविषयक माहिती होल्ड नसतानाही भरा. ती नसेल तर जगभरच्या कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. एवढं कारण पुरे.

दर महिन्याची सवय एवढीच: १२ तारखेनंतर शिल्लक आणि मर्यादा बघायची, त्याच बैठकीत होल्ड बघायचा. २० तारखेला नको, १३ ला. ओळखपत्र तपासून व्हायलाही दिवस लागतात.

पेड दिसलं म्हणजे पैसे तिकडून निघाले, बँकेत पोहोचले असं नाही. वायर ट्रान्सफरला काही कामकाजाचे दिवस द्या, मधल्या बँकेचं शुल्कही कापलं जाऊ शकतं. खातेदाराचं नाव किंवा खाते क्रमांक चुकला तर बँक पैसे परत पाठवते, रक्कम पुन्हा शिलकीत येते आणि त्यासोबत नवा होल्ड लागतो. मग परत तेच पान, परत वीस तारखेच्या आत.