ln|x| चे विकलन: x ऋण असताना होणाऱ्या या चुका टाळा

नाशिकला कॉलेज रोडवर बारावीच्या मुलांच्या वह्या तपासताना एक उत्तर मला वरचेवर भेटते: x ऋण असेल तर ln|x| चा विकलज −1/x. काही जण तेच 1/|x| असे लिहितात. ऋण x साठी या दोन्हींची किंमत एकच येते, त्यामुळे चूकही एकच आहे. तिथे पोहोचण्याच्या वाटा मात्र वेगळ्या आहेत.

पहिली वाट साखळी नियमातून जाते. x ऋण असताना |x| म्हणजे −x, म्हणून आपल्याला ln(−x) चे विकलन करायचे असते. −x ही येथे धन संख्या आहे, हे आधी मनाशी पक्के करावे, कारण उणे चिन्ह दिसताच ती ऋण मानणारे विद्यार्थी थोडेथोडके नाहीत. बाहेरच्या फलाचे विकलन 1/(−x) येते आणि पुष्कळ जण तिथेच थांबतात; आतल्या −x चा विकलज −1 आहे, त्याने गुणायचे राहून जाते. तो गुणाकार केला, की दोन उणे चिन्हे एकमेकांना खातात:

```
1/(−x) · (−1) = 1/x
```

दुसरी वाट केवळ मूल्याच्या चिन्हाची आहे. फलात |x| आहे, म्हणून विकलजातही ते असणारच, असे गृहीत धरले जाते. ही शंका शब्दांनी फिटत नाही, म्हणून मी आकडेमोड करायला लावतो. x = −2 ला ln|x| ची किंमत 0.6931 आहे आणि किंचित उजवीकडे, x = −1.99 ला, ती 0.6881 आहे. x मध्ये 0.01 ची वाढ झाली, पण फल 0.0050 ने घटले. म्हणजे चढ सुमारे −0.50, हाच 1/(−2). आलेखाची डावी शाखा ही उजव्या शाखेचे Y-अक्षातले प्रतिबिंब असल्यामुळे 2 पाशी चढणारी स्पर्शिका −2 पाशी तितक्याच तीव्रतेने उतरते.

संकलनात याचा उपयोग सरळ आहे. −4 पासून −2 पर्यंत 1/x चे संकलन ln 2 − ln 4, म्हणजे −0.693 येते, आणि वक्र X-अक्षाच्या खाली असल्याने उत्तर ऋणच यायला हवे. केवळ मूल्याच्या उभ्या रेघा गाळणारा विद्यार्थी मात्र ln(−2) पाशी अडकतो, कारण वास्तव संख्यांत त्याला अर्थ नाही.

पण या रेघांवर भिस्त ठेवून शून्य ओलांडता येत नाही. −1 पासून 2 पर्यंतच्या संकलनाचे उत्तर कोणी ln 2 − ln 1 असे काढले, तर ते दिसायला निर्दोष असले तरी चूक आहे. शून्यापाशी 1/x अमर्याद होते आणि दोन्ही बाजूंची संकलने स्वतंत्रपणे अपसारी आहेत. याच खंडामुळे ln|x| + C मधला C डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरा घेतला, तरी विकलज 1/x च राहतो.